फवारणी यंत्राच्या प्रोजेक्ट रिपोर्टचं इंट्रोडक्शन: शेवटच्या परिच्छेदापासून लिहायला घ्या

एप्रिल लागला की आमच्या सातारा-सांगली पट्ट्यातल्या मेकॅनिकलच्या मुलांचे रिपोर्ट तपासायला येतात. त्यात दरवर्षी एक-दोन तरी कमी खर्चाच्या, हाताने चालवायच्या फवारणी यंत्रावरचे असतात. यंत्र बहुतेक वेळा बरं असतं. चाक फिरतं, पंप दाब धरतो, नोझलमधून फवारा येतो. व्हायवाला मात्र मुलं पहिल्याच प्रकरणावर अडकतात, कारण ते प्रकरण त्यांच्या यंत्राचं नसतंच. भारत कृषिप्रधान देश आहे, इतके टक्के लोक शेतीवर अवलंबून आहेत, शेतकऱ्याला कष्ट पडतात, म्हणून आम्ही हे यंत्र केलं, एवढंच त्यात असतं. यातली एकही ओळ 'हेच यंत्र का?' याचं उत्तर देत नाही.

याचं कारण लिहिण्याचा क्रम. मुलं पहिल्या ओळीपासून सुरुवात करतात. हे प्रकरण लिहायला बसावं ते उद्दिष्टांपासून, आणि उद्दिष्टं यावीत रानात मोजलेल्या आकड्यांतून. पहिला परिच्छेद सगळ्यांत शेवटी लिहायचा. तो क्रम खाली एका उदाहरणावर दाखवतो.

उदाहरण असं: कोरेगाव तालुक्यातलं वीस गुंठे सोयाबीन, आणि चार मुलांच्या गटाने केलेलं एकचाकी ढकलगाड्याचं यंत्र. चाक फिरलं की साखळीवरून क्रँक फिरतो, क्रँकवर पंप चालतो आणि पुढच्या आडव्या पाइपवरची चार नोझलं एकदम फवारतात. रिपोर्ट इंग्रजीत जातो हे मला माहीत आहे. तरी नमुने मराठीत देतो आहे. आधी स्वतःच्या भाषेत नीट मांडा, मग छोट्या छोट्या वाक्यांत इंग्रजी करा. थेट इंग्रजीत लिहायला बसलात की दुसऱ्याच्या रिपोर्टची वाक्यं हातात येतात.

## टप्पा १: रानात जाऊन एक पान भरून आणा

इंट्रोडक्शनची खरी तयारी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये होते. आपल्याकडे सोयाबीन जूनअखेर-जुलैत पेरतात आणि दसऱ्याच्या आगेमागे काढतात. रिपोर्ट लिहायला बसता तेव्हा एप्रिल असतो आणि त्या रानात एक रोपही उभं नसतं. म्हणून सातव्या सेमिस्टरला, सिनॉप्सिस देण्याआधीच, चालू फवारणी बघायला जा. बरोबर वजनकाटा, एक लिटरचं मापाचं भांडं, टेप आणि मोबाइलमधलं घड्याळ एवढं पुरे.

शेतकऱ्याशी बोलताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. आपल्याकडे फवारणीचं माप लिटर नाही, 'पंप' आहे. या गटाने विचारलं, "नाना, अर्ध्या एकराला किती लागतं?" उत्तर आलं, "पाच पंप. पीक दाटलं असंल तर साडेपाच." पोरांनी वहीत लिहिलं पाच गुणिले वीस, शंभर लिटर. पंप वीस लिटरचा असतो, असं त्यांनी धरून चाललं होतं. टाकीवर बघितलंच नाही. पाठीवरचे पंप वेगवेगळ्या मापांत मिळतात, १६ लिटरचा तर सर्रास दिसतो. नानांचा पंप सोळाचाच होता.

पानावर या नोंदी हव्यात:

- टाकीवर छापलेलं माप, आणि शेतकरी खरोखर कुठल्या रेघेपर्यंत भरतो ते.
- रिकाम्या पंपाचं वजन. या गटाच्या काट्यावर साडेचार किलो आलं. म्हणजे भरलेला पंप साडेवीस किलो.
- एका मिनिटात नोझलमधून भांड्यात पडलेलं पाणी. साधं पाणी घ्या, औषध नको. तीनदा मोजून सरासरी काढा. इथे ६०० मिली आलं.
- दोन ओळींतलं अंतर. इथे ४५ सेंटिमीटर.
- टेपने वीस मीटर आखून, ते चालायला फवारणाऱ्याला किती सेकंद लागले. इथे ३६ सेकंद, म्हणजे तासाला दोन किलोमीटर.
- पाणी आणून, औषध कालवून टाकी पुन्हा पाठीवर घ्यायला गेलेला वेळ. इथे साधारण सहा मिनिटं.

सावधान: रानात औषध फवारणं चालू असेल तर वाऱ्याच्या वरच्या बाजूला, लांब उभं राहा. नोझलचं माप घेताना टाकी आणि नळी धुऊन साधं पाणी भरलं आहे ना, हे आधी बघा.

तपासणी: आकडे दोन वाटांनी काढून जुळतात का बघा. हेक्टरी लागणारं द्रावण काढायचं सूत्र असं:

```
L/ha = 600 × q / (v × w)
```

इथे q म्हणजे मिनिटाला पडणारे लिटर, v म्हणजे चालण्याचा वेग ताशी किलोमीटरमध्ये, आणि w म्हणजे फवाऱ्याखाली येणारी रुंदी मीटरमध्ये. आपले आकडे घातले तर ६०० × ०.६ भागिले (२ × ०.४५), उत्तर ४०० लिटर हेक्टरी. वीस गुंठे म्हणजे सुमारे २,०२० चौरस मीटर, त्याला ८१ लिटर. नानांचे पाच पंप गुणिले सोळा म्हणजे ८०. जुळलं. मुलांचे शंभर लिटर मात्र जुळत नव्हते आणि त्यामुळेच चूक सापडली. हे गणित रानाच्या बांधावरच करा, म्हणजे शंका आली तर पुन्हा मोजता येतं. मार्चमध्ये कळून उपयोग नाही.

## टप्पा २: शीर्षकातल्या दोन शब्दांचा अर्थ ठरवा

शीर्षकात 'कमी खर्चाचं' आणि 'हाताने चालणारं' असे दोन शब्द आहेत. एक्स्टर्नल याच दोन शब्दांवर बोट ठेवतो.

हाताने चालणारं म्हटलं की डोळ्यांसमोर दांडा येतो, डाव्या हाताने सतत वरखाली करायचा. या गटाच्या यंत्राला दांडा नाही. माणूस ढकलतो आणि चाक पंप चालवतं. नोंदवलेलं शीर्षक आता बदलत नाही, म्हणून पहिल्याच पानावर एक वाक्य टाका: 'या अहवालात हाताने चालणारं म्हणजे इंजिन, मोटर वा बॅटरी न वापरता, माणसाने ढकलल्यावर चाकाच्या फिरण्यातून पंप चालवणारं यंत्र.' एवढं केलंत तर 'दांडा कुठाय?' हा प्रश्न येत नाही.

कमी खर्चाचं हा शब्द त्याहून अवघड. कमी म्हणजे कशापेक्षा कमी? साध्या पाठीवरच्या पंपापेक्षा तुमचं यंत्र महागच पडणार, त्यात चाक, साखळी, फ्रेम आणि जास्तीची तीन नोझलं आहेत. मग तुलना कोणाशी? बहुतेक रिपोर्टांत इथे ट्रॅक्टरवरच्या फवारणी यंत्राची किंमत देऊन मोकळं होतात. वीस गुंठेवाला शेतकरी ट्रॅक्टरचं यंत्र घ्यायला निघालेलाच नसतो, त्यामुळे ही तुलना त्याच्या कामाची नाही. तो दुकानात जातो तेव्हा त्याच्यापुढे साधा पंप आणि बॅटरीचा पंप हे दोनच पर्याय असतात. तुमची तुलना बॅटरी पंपाशीच व्हायला हवी. तालुक्याच्या गावातल्या तीन दुकानांतून दोन्हींचे भाव विचारा, तारखेसह लिहून ठेवा आणि तेच रिपोर्टमध्ये द्या.

सावधान: स्वतःच्या यंत्राचा खर्च मांडताना कॉलेजच्या वर्कशॉपमधलं लेथ आणि वेल्डिंगचं काम फुकट धरू नका. बाहेरच्या फॅब्रिकेशनवाल्याला हेच काम किती रुपयांत कराल असं विचारून तो आकडा मिळवा. फक्त मालाची बिलं जोडून काढलेला खर्च पहिल्या प्रश्नालाच कोसळतो.

खर्च बॅटरी पंपाच्या वर गेला तर? जसा आला तसा लिहा. मग 'कमी खर्चाचं' याचा आधार दुसरा द्यावा लागेल: चार्जिंग नाही, बॅटरी बदलायची नाही, साखळी-स्प्रॉकेट गावातल्या सायकलवाल्याकडे मिळतं. हे म्हणणं टिकतं, पण ते पहिल्या प्रकरणातच सांगितलेलं हवं. निकालाच्या प्रकरणात अचानक काढलं तर पळवाट वाटते.

## टप्पा ३: उद्दिष्टं आधी लिहा, आणि प्रत्येकात माप घाला

आता लिहायला बसा. सगळ्यांत आधी उद्दिष्टं. तीन किंवा चार, त्याहून जास्त नकोत.

'शेतकऱ्याचे श्रम कमी करणे' हे उद्दिष्ट नाही, कारण ते साधलं की नाही हे ठरवता येत नाही. प्रत्येक उद्दिष्टाला एक प्रश्न विचारा: निकालाच्या प्रकरणात कुठला तक्ता याचं उत्तर देणार? तक्ता सांगता आला नाही तर ते उद्दिष्ट काढून टाका.

या गटाची शेवटी ठरलेली उद्दिष्टं अशी:

१. सोळा लिटरची टाकी पाठीवरून काढून एका चाकाच्या फ्रेमवर ठेवणे. जमिनीलगत चाक आणि फ्रेमची रुंदी ३० सेंटिमीटरच्या आत ठेवणे, म्हणजे ४५ सेंटिमीटरच्या ओळींतून रोपं न मोडता जाता येईल.

२. ताशी दोन किलोमीटर वेगाने ढकलताना चार नोझलांना मिळून मिनिटाला २.४ लिटर, दोन ते तीन किलोच्या दाबाने मिळवणे. कुठल्याही नोझलचा प्रवाह चारांच्या सरासरीपासून दहा टक्क्यांहून जास्त न ढळणे.

३. वीस गुंठ्यांची फवारणी, टाकी भरण्याच्या वेळेसह, ७० मिनिटांत बसवणे.

४. बाहेरच्या मजुरीसह एकूण खर्च काढून, त्याच महिन्यातल्या बॅटरी पंपाच्या स्थानिक भावाशी ताडून पाहणे.

तिसऱ्या उद्दिष्टातला सत्तरचा आकडा कसा आला, ते सविस्तर सांगतो. इथे जवळपास प्रत्येक गट चुकतो.

पहिल्या मसुद्यात या मुलांनी लिहिलं होतं: 'चार नोझलं असल्याने फवारणीचा वेळ चौथाईवर येईल.' वरवर खरं वाटतं. एका नोझलने मिनिटाला १५ चौरस मीटर होतं, चारांनी ६०. दोन हजार वीसला साठने भागलं की ३४ मिनिटं. पूर्वी १३५ मिनिटं लागत होती, म्हणजे बरोबर चौथाई.

पण टाकी तीच सोळा लिटरची आहे. पाठीवरच्या पंपात ती सव्वीस-सत्तावीस मिनिटं पुरत होती. आता मिनिटाला २.४ लिटर जातात, म्हणजे पावणेसात मिनिटांत टाकी रिकामी. ८१ लिटर लागणारच, म्हणजे पाच वेळा भरणं आलंच आणि दर वेळी सहा मिनिटं. जुन्या पद्धतीत १३५ अधिक ३०, असे १६५. नव्यात ३४ अधिक ३०, असे ६४. वेळ चौथाईवर येत नाही, साधारण चाळीस टक्क्यांवर येतो. बांधावर वळायला जाणारा वेळ धरून सत्तर मिनिटं म्हणणं रास्त.

मग एक मुलगी म्हणाली, "सर, टाकी बत्तीस लिटरची केली तर?" प्रश्न चांगला होता. पाचाऐवजी तीनदा भरावं लागेल. पण गाड्यावर सोळा किलो वाढले की मऊ जमिनीत चाक रुततं आणि ढकलणं जड होतं. तासाला वाचणाऱ्या मिनिटांपेक्षा तो त्रास मोठा. म्हणून सोळाच ठेवली. हे कारण इंट्रोडक्शनमध्ये दोन ओळींत यायला हवं. परीक्षकालाही हाच प्रश्न पडणार आहे आणि तुम्ही त्यावर विचार केलेला आहे हे त्याला तिथेच दिसतं.

तपासणी: उद्दिष्टांमधले आकडे डिझाइनच्या प्रकरणातल्या आकड्यांशी शब्दशः जुळतात का? सिनॉप्सिसमध्ये टाकी वीस लिटरची आणि नोझलं सहा होती, नंतर बदललं, पण पहिल्या प्रकरणात जुनंच राहिलं, असं फार वेळा होतं. सिनॉप्सिसमधला मजकूर उचलून चिकटवू नका. त्यातला भविष्यकाळही तसाच येतो: 'यंत्र बनवण्यात येईल.' यंत्र तर बाहेर पोर्चमध्ये उभं असतं!

## टप्पा ४: उद्दिष्टांवरून मागे येत समस्या लिहा

उद्दिष्टं हातात असली की समस्या लिहिणं सोपं होतं. एका उद्दिष्टाला एक अडचण, आणि ती अडचण तुमच्या पानावर नोंदलेली असायला हवी. ज्या अडचणीवर तुमचं यंत्र काहीच करत नाही, ती इथे लिहायची नाही.

नमुना: 'कोरेगाव तालुक्यातील वीस गुंठे सोयाबीनच्या रानात पाहणी केली असता, भरलेला पाठीवरचा पंप २०.५ किलो भरला. फवारणाऱ्याला तो पाठीवर घेऊन एका हाताने दांडा आणि दुसऱ्या हाताने नळी चालवावी लागते. एकाच नोझलमुळे एका फेरीत एकच ओळ होते. वीस गुंठ्यांना १३५ मिनिटं फवारणी आणि ३० मिनिटं टाकी भरणं, असा एकूण पावणेतीन तासांचा वेळ जातो.'

चारच वाक्यं आहेत, पण प्रत्येक वाक्य पुढच्या एका उद्दिष्टाला जाऊन मिळतं. मला हा परिच्छेद एवढा आवडला की तेव्हापासून प्रत्येक गटाला तो मोठ्याने वाचून दाखवतो.

इथली सगळ्यांत मोठी चूक विषबाधेबद्दलची आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यानंतर कित्येक रिपोर्टांत ती घटना पहिल्या पानावर येते आणि खाली लिहिलेलं असतं: 'आमच्या यंत्राने हा धोका टळतो.' थांबा आणि स्वतःचं यंत्र बघा. नोझलं पुढे आहेत आणि माणूस मागून ढकलतो आहे. म्हणजे नुकत्याच भिजलेल्या ओळींमधूनच तो चालतो. मांड्यांना ओली पानं घासतात, समोरून वारा आला तर फवारा तोंडावर येतो. पाठीवर गळणारी टाकी गेली, हा फायदा खरा आहे. अंगावर औषध कमी येतं असा दावा मात्र मोजल्याशिवाय करता येणार नाही, आणि ते मोजण्याची सोय तुमच्याकडे नाही. तेवढाच खरा भाग लिहा. माणसांच्या जिवाशी निगडित गोष्टीवर अंदाजाने लिहू नये, असं मला मनापासून वाटतं. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे या यंत्राबरोबरही लागणारच, हे वाक्य तिथेच जोडा.

## टप्पा ५: उपलब्ध साधनं, थोडक्यात

इथे पानंच्या पानं भरू नका. सविस्तर आढावा लिटरेचर सर्व्हेच्या प्रकरणात येतो. इंट्रोडक्शनमध्ये तीनच साधनं पुरेत: दांड्याचा पाठीवरचा पंप, बॅटरी पंप, आणि इंजिनवरचा एचटीपी पंप. प्रत्येकाबद्दल दोन वाक्यं लिहा. एकात ते काय चांगलं करतं, दुसऱ्यात तुमच्या वीस गुंठ्यांवर ते कुठे कमी पडतं.

बॅटरी पंपाला वगळू नका. तो दांडा मारण्याचे कष्ट वाचवतो हे मान्य करा. पण वजन पाठीवरच राहतं, उलट बॅटरीचं थोडं वाढतं, आणि नोझल सहसा एकच असतं. तुमच्या यंत्राची जागा नेमकी इथे आहे.

## टप्पा ६: व्याप्ती आणि मर्यादा, इथे हात आखडू नका

मुलं मर्यादा लिहायला घाबरतात, मार्क जातील असं त्यांना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. व्हायवातले निम्मे प्रश्न या परिच्छेदानेच मिटतात, म्हणून याला जवळजवळ एक पान द्या.

कुठल्या पिकाला चालतं. 'सर्व पिकांसाठी उपयुक्त' असं लिहिलंत आणि परीक्षक तासगाव किंवा मिरजेकडचे निघाले, तर पहिला प्रश्न द्राक्षाचा येणार. मांडवावरच्या द्राक्षाला ट्रॅक्टरचा ब्लोअर लागतो. तिथे कमरेएवढ्या उंचीच्या चार नोझलांनी काय होणार? उसात, तो डोक्यावर गेला की गाडाच शिरत नाही. वाफ्यातल्या कांद्याला ओळींमधून चाक जायला वाट नसते. तेव्हा सरळ लिहा: ओळीत पेरलेली, दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतराची, गुडघ्याच्या आसपास उंचीची पिकं.

कधीपर्यंत चालतं. सोयाबीन दाटलं की ओळी एकमेकींत मिसळतात. मग चाकाखाली फांद्या येतात आणि शेंगा धरणारी फूल-फांदी मोडते. म्हणजे यंत्र पहिल्या फवारण्यांना चांगलं, उशिराच्या फवारणीला पुन्हा पाठीवरचा पंपच. हे लिहायला जिवावर येतं हे कळतं, पण शेतकरी हेच पहिलं सांगेल.

कुठल्या जमिनीत चालतं. इथे यंत्राच्या मुळाशी असलेली गोष्ट येते. पंप चाकावर चालतो, म्हणून चाक घसरलं की पंप थांबतो. श्रावणातल्या ओल्या काळ्या रानात चिखल चाकाला लपेटतो, चाक न फिरता नुसतं ओढलं जातं आणि दाब पडतो. दाब पडला की नोझलमधून बारीक थेंबांचा शंकू येत नाही, जाड धार येते आणि औषध पानावर न बसता जमिनीवर ओघळतं. चालण्याचा वेग कमी झाला तरी हेच होतं, उभं राहिलं तर फवारा बंदच. म्हणून लिहा: वापसा आलेल्या जमिनीतच, आणि एकसारख्या चालीने.

चाचणी कशी घेतली. तुमची चाचणी मार्च-एप्रिलमध्ये मोकळ्या रानात, साध्या पाण्यावर झाली असेल तर तसंच नोंदवा. या गटाने रिकाम्या रानात ४५ सेंटिमीटरवर दोऱ्या ताणून ओळी आखल्या आणि त्यातून गाडा ढकलला. दोऱ्यांच्या फोटोसह त्यांनी ते प्रामाणिकपणे लिहिलं. 'सोयाबीनवर यशस्वी चाचणी' असं एप्रिलची तारीख टाकून लिहिणाऱ्या गटाला एकदा परीक्षकांनी एवढंच विचारलं होतं, "सोयाबीन कुठं मिळालं?" त्यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं.

सावधान: पंपाचा व्यास, स्ट्रोक, साखळीचं गुणोत्तर, बेअरिंगचा नंबर यातलं काहीही इथे नको. ते डिझाइनच्या प्रकरणात. इंट्रोडक्शनमध्ये यंत्राकडून काय हवं ते येतं, ते कसं मिळवलं हे येत नाही.

## टप्पा ७: आता पहिला परिच्छेद

इतकं लिहून झाल्यावर वर या. पहिला परिच्छेद आता आपोआप आखूड होतो, कारण तो कुठे नेऊन पोचवायचा आहे हे तुम्हाला ठाऊक असतं.

देशपातळीवरचा आकडा द्यायचाच असेल तर एकच द्या आणि तो तुमच्या यंत्राला लागू पडणारा असू द्या. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातली सरासरी जमीनधारणा १.०८ हेक्टर आहे, आणि सुमारे ८६ टक्के खातेदार दोन हेक्टरच्या आतले आहेत. हा आकडा इथे कामाचा आहे, कारण तुमचं यंत्र लहान तुकड्यासाठीच आहे. शेतीचा राष्ट्रीय उत्पन्नातला वाटा, अन्नधान्याचं एकूण उत्पादन, हे आकडे कितीही खरे असले तरी फवारणीच्या गाड्याशी त्यांचा संबंध लागत नाही.

नमुना: 'देशातील सुमारे ८६ टक्के खातेदारांकडे दोन हेक्टरपेक्षा कमी जमीन आहे. सातारा जिल्ह्यात असे शेतकरी सोयाबीनवरील अळी आणि चक्रीभुंग्यासाठी मुख्यतः पाठीवरच्या पंपाने फवारणी करताना आढळले. वीस गुंठ्यांच्या एका रानात या कामाला पावणेतीन तास लागल्याचं पाहणीत नोंदवलं. हा वेळ आणि पाठीवरचं वजन कमी करण्यासाठी, बॅटरी किंवा इंजिन न वापरता चालणारं एकचाकी यंत्र या प्रकल्पात तयार केलं आहे.'

देश, जिल्हा, रान, यंत्र. चार वाक्यांत वाचणारा तुमच्या गाड्यापाशी येतो. दुसऱ्या वाक्यातला 'आढळले' हा शब्द मुद्दाम आहे. तुम्ही जेवढी रानं पाहिली तेवढ्यापुरतंच ते विधान आहे. 'सर्व शेतकरी' लिहिलंत की पुरावा मागितला जातो.

सगळ्यांत शेवटी अहवालाची मांडणी येते: कुठल्या प्रकरणात काय आहे, प्रत्येकी एक वाक्य. यावर वेळ घालवू नका.

## टप्पा ८: जमा करण्याआधी एक संध्याकाळ

पूर्ण प्रकरण चार ते सहा पानांत बसायला हवं. कॉलेजने फॉर्मॅट दिला असेल तर तो पाळा.

प्रिंट काढा आणि लाल पेन घेऊन प्रत्येक आकड्याखाली रेघ मारा. प्रत्येक आकड्याजवळ लिहा, हा कुठून आला: रानातलं पान, दुकानाचा भाव, गणना, की आपलं गणित. ज्याच्याजवळ काहीच लिहिता येत नाही तो आकडा खोडा. या गटाच्या पहिल्या मसुद्यात असे सात आकडे निघाले होते. त्यातले पाच जुन्या रिपोर्टमधून आलेले होते आणि त्या रिपोर्टलाही ते कुठून मिळाले हे कोणाला सांगता येत नव्हतं.

मग गटातल्या अशा मुलाला प्रकरण वाचायला द्या ज्याने ते लिहिलेलं नाही. बहुतेक गटांत एक जण लिहितो, एक जण कॅड करतो, दोघं वर्कशॉपमध्ये असतात. वर्कशॉपमधल्याला विचारा: "यात आपल्या गाड्याबद्दल चुकीचं काय आहे?" त्याने चाकाला हात लावलेला असतो, त्यामुळे त्याला चुकीचं वाक्य लगेच टोचतं. या गटात वेल्डिंग करणाऱ्या मुलाने फ्रेमची रुंदी बघून सांगितलं, "तीस कुठं? नटबोल्ट धरून चौतीस झालीय." टेप लावली तर ३४ भरली. मुलांनी उद्दिष्टातला आकडा बदलला नाही. बोल्टची बाहेर आलेली टोकं कापली, वॉशर पातळ घातले, पुन्हा टेप लावली. साडेएकोणतीस. मग प्रकरण बाइंडिंगला गेलं.